सबस्क्रायबरचा आकडा गोल का दिसतो आणि अचूक आकडा कुठे पाहायचा: नव्या यूट्यूब चॅनेलवाल्यांसाठी

विणकामाचे व्हिडिओ करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचा सकाळीच फोन आला. आवाज रडवेला होता. रात्री झोपताना चॅनेलवर 133K दिसत होते, सकाळी उठून पाहते तर 132K. एका रात्रीत हजार माणसे सोडून गेली, आता काय करू, असे ती विचारत होती. मी तिला यूट्यूब स्टुडिओ उघडायला सांगितले आणि तिथला आकडा वाचून दाखव म्हटले. आकडा होता १,३२,९९९. आदल्या रात्रीचा आकडा तिच्या वहीत लिहिलेला होता, १,३३,०१७. म्हणजे गेली होती अठरा माणसे. एवढ्या मोठ्या चॅनेलवर अठरा माणसांची ये-जा रोजचीच असते.

ती घाबरली यात तिची चूक नव्हती. चॅनेलच्या पानावर दिसणारा आकडा कसा तयार होतो हे तिला कोणी सांगितले नव्हते. तो आकडा एकदा नीट वाचता आला की अशा सकाळी बऱ्याच कमी होतात. म्हणून आधी तो कसा बनतो ते पाहू, मग अचूक आकडा कुठे पाहायचा ते.

पहिले तीन अंक ठेवायचे, बाकीचे कापायचे

चॅनेलचे सबस्क्रायबर एक हजारापेक्षा कमी असतील तर सगळ्यांना अचूक आकडा दिसतो. ८४७ असतील तर ८४७च. हजार पार झाले की यूट्यूब लोकांना फक्त पहिले तीन अंक दाखवते आणि पुढचे अंक सोडून देते. ४,२२७ सबस्क्रायबर असतील तर पानावर 4.22K दिसते. १,३३,०१७ असतील तर 133K. १,०५,१८,८२७ असतील तर 10.5M. इथे K म्हणजे हजार आणि M म्हणजे दहा लाख. ॲपची भाषा किंवा प्रदेश बदलला तर हाच आकडा 1.33 लाख अशा रूपातही दिसू शकतो. मांडणी बदलली तरी अंक तेच तीन राहतात.

शाळेत आपण जवळच्या पूर्ण संख्येपर्यंत आकडा नेण्याची रीत शिकलो. ४,२२७ ला जवळची दहाची पट ४,२३० आहे, म्हणून ४,२३० म्हणायचे. यूट्यूब तसे करत नाही. ते नेहमी खालच्या बाजूलाच येते. ४,२२९ असले तरी 4.22K, आणि ४,२३० झाले की मगच 4.23K. या एका गोष्टीतून पुढचे बरेच काही उलगडते. पानावरचा आकडा खऱ्या आकड्याएवढा तरी असतो किंवा त्याहून थोडा कमी असतो, जास्त कधीच नसतो. ९९,९९९ सबस्क्रायबर असलेल्या चॅनेलवर 99.9K दिसते, 100K नाही. म्हणजे पानावर 100K दिसले तर एक लाख खरोखर झालेले असतात.

आणखी एक बारकावा आहे, आणि त्यात जाणकारही फसतात. तिसरा अंक शून्य असेल तर तो लिहिला जात नाही. १२,०४,००० सबस्क्रायबर असतील तर तीन अंक होतात १, २ आणि ०, पण पानावर 1.20M ऐवजी नुसते 1.2M दिसते. ते पाहून लोक समजतात की हा आकडा बारा लाखांपासून जवळजवळ तेरा लाखांपर्यंत काहीही असेल. तसे नाही. 1.2M चा अर्थ १२,००,००० ते १२,०९,९९९ एवढाच. बारा लाख दहा हजार झाले की लगेच 1.21M दिसू लागते.

पायरी दहापट मोठी होते तेव्हा

तीनच अंक दिसत असल्यामुळे आकडा हलायला किती माणसे लागतात हे चॅनेलच्या आकारावर ठरते. एक हजार ते दहा हजारांच्या मध्ये दर दहा सबस्क्रायबरला पानावरचा आकडा एकदा बदलतो. दहा हजारांनंतर दर शंभराला, एक लाखानंतर दर हजाराला, दहा लाखांनंतर दर दहा हजाराला. खऱ्या आकड्यात एक अंक वाढला की पायरी दहापट रुंद होते.

हे नुसते वाचून नीट लक्षात येत नाही, म्हणून एक चॅनेल घेऊन पाहू. समजा त्यावर आज ९९,८४७ सबस्क्रायबर आहेत आणि रोज, येणारे-जाणारे धरून, चाळीस वाढतात. पानावर 99.8K दिसते आहे. ९९,९०० ला पोहोचायला त्रेपन्न माणसे हवीत, म्हणजे दुसऱ्या दिवशी 99.9K दिसेल. त्यानंतर अडीच दिवसांनी 100K. आतापर्यंत आकडा दर अडीच दिवसांनी हलत होता, चॅनेलवाल्याला त्याची सवय झालेली असते. एक लाखानंतर मात्र 101K दिसायला आणखी एक हजार सबस्क्रायबर लागतील, आणि रोज चाळीसच्या वेगाने त्याला पंचवीस दिवस लागतील.

वेग तसूभरही कमी झालेला नाही, तरी तीन आठवडे आकडा गोठल्यासारखा दिसतो. एक लाखानंतर चॅनेल बसले, आता यूट्यूब आमचे व्हिडिओ लोकांना दाखवत नाही, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. त्यातल्या बहुतेकांनी स्टुडिओत पाहिले तेव्हा रोजची वाढ आधीइतकीच निघाली. दहा हजारांवर आणि दहा लाखांवरही हाच अनुभव येतो. म्हणून या तीन टप्प्यांच्या आसपास असाल तर पानावरचा आकडा पाहून विषय बदलणे, व्हिडिओची लांबी बदलणे असले निर्णय घेऊ नका. आधी अचूक आकडा पाहा.

उतरताना याच्या उलट घडते. पायरीच्या अगदी काठावर असलेले चॅनेल दोन-चार माणसे गेली तरी खालच्या पायरीवर येते आणि पाहणाऱ्याला पूर्ण पायरीएवढे नुकसान दिसते. माझ्या मैत्रिणीचे झाले ते हेच. तिचे चॅनेल १,३३,००० च्या काठावर होते.

हे कधीपासून आणि कशासाठी

हा नियम पहिल्यापासून नव्हता. २०१९ पर्यंत संगणकावर चॅनेलच्या पानावर पूर्ण आकडा शेवटच्या अंकापर्यंत दिसायचा आणि मोबाइलवर आखूड रूप दिसायचे. एकाच चॅनेलचे एकाच वेळी दोन ठिकाणी दोन आकडे. मे २०१९ मध्ये यूट्यूबने जाहीर केले की हजारावरच्या सगळ्या चॅनेलचा सार्वजनिक आकडा सगळीकडे आखूडच दाखवला जाईल, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते लागू झाले.

कारणे दोन सांगितली गेली. पहिले वर आलेच: सगळीकडे एकसारखा आकडा दिसावा. दुसरे कारण चॅनेलवाल्यांच्या मनाशी संबंधित होते. दर मिनिटाला वरखाली होणाऱ्या आकड्याचा ताण कमी व्हावा आणि लोकांनी आपल्या कामाकडे लक्ष द्यावे, असे यूट्यूबचे म्हणणे होते.

त्या काळात काय चालले होते ते आठवले तर हे दुसरे कारण जास्त कळते. २०१८ च्या शेवटापासून प्यूडीपाय आणि टी-सीरीज या दोन चॅनेलमध्ये पहिल्या क्रमांकाची शर्यत लागली होती. लाखो लोक दोन्ही चॅनेलचे आकडे शेजारी शेजारी लावून थेट पाहत बसायचे. मे २०१९ च्या शेवटी टी-सीरीज दहा कोटी सबस्क्रायबर गाठणारे पहिले चॅनेल ठरले. यूट्यूबने या शर्यतीचे नाव कारण म्हणून घेतले नव्हते. पण अचूक आकडा सगळ्यांना दिसत असला की तो खेळाच्या धावफलकासारखा पाहिला जातो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले होते. एखादा वाद झाला की त्या माणसाचे सबस्क्रायबर सेकंदासेकंदाला कसे गळतात हे दाखवणारी थेट प्रक्षेपणेही तेव्हा चालत. ज्याच्यावर ती वेळ येते त्याचे काय होत असेल याचा विचार केला की आखूड आकड्याबद्दलची माझी तक्रार मावळते.

याच ओघात आणखी एक बदल सांगायला हवा, कारण जुने मार्गदर्शन वाचून नवे लोक तो पर्याय शोधत बसतात. पूर्वी सबस्क्रायबरचा आकडा पूर्ण लपवता यायचा. जुलै २०२२ च्या अखेरीस यूट्यूबने ती सोय बंद केली. दुसऱ्याच्या नावाने तोतया चॅनेल काढणारे लोक आपला लहानसा आकडा लपवून खऱ्या चॅनेलचा आव आणत, म्हणून. तेव्हा आता आकडा लपवता येत नाही, आणि हजारानंतर लोकांना तो अचूक दाखवताही येत नाही.

अचूक आकडा पाहायची जागा

अचूक आकडा फक्त चॅनेलच्या मालकाला आणि त्याने परवानगी दिलेल्या लोकांना दिसतो, आणि तो यूट्यूब स्टुडिओत दिसतो. संगणकावर असे करा:

1. ब्राउझरमध्ये `studio.youtube.com` उघडा आणि ज्या खात्यावर चॅनेल आहे त्याच खात्याने आत जा.
2. उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून चॅनेलचे नाव बरोबर आहे ना ते पाहा. एका खात्याखाली दोन चॅनेल असतील तर इथूनच बदलता येते.
3. पहिल्याच पानावर, म्हणजे Dashboard वर, Channel analytics नावाचा चौकोन असतो. त्यात Current subscribers खाली पूर्ण आकडा दिसतो.
4. आकडा बदलताना पाहायचा असेल तर डावीकडच्या यादीतून Analytics मध्ये जा. Overview च्या पानावर उजव्या बाजूला Realtime चा चौकोन आहे, त्यात सबस्क्रायबरचा आकडा आणि खाली See live count हे बटण आहे. ते दाबले की चालता आकडा उघडतो.

मोबाइलवर नेहमीच्या यूट्यूब ॲपमध्ये हा आकडा मिळणार नाही. स्वतःच्या चॅनेलच्या पानावर गेलात तरी तिथे लोकांना दिसतो तोच आखूड आकडा दिसतो. त्यासाठी यूट्यूब स्टुडिओ हे वेगळे ॲप घ्यावे लागते. ते उघडले की सुरुवातीलाच चॅनेलच्या नावाखाली पूर्ण आकडा असतो.

दुसरी पायरी मी मुद्दाम लिहिली आहे. स्टुडिओत माझा आकडा शून्य दिसतो, असे सांगणाऱ्या नव्या लोकांपैकी बहुतेकांचे चॅनेल वेगळ्या खात्यावर असते आणि ब्राउझर त्यांना नकळत दुसऱ्याच खात्याने आत नेतो. त्या खात्यावर कधीतरी चुकून तयार झालेले रिकामे चॅनेल असते आणि माणूस त्यालाच आपले समजतो. आकडा विचित्र वाटला की पहिल्यांदा वरच्या कोपऱ्यातले नाव पाहा.

स्टुडिओतलेच दोन आकडे जुळत नाहीत तेव्हा

Dashboard वरचा आकडा आणि Analytics च्या तक्त्यांतून काढलेला आकडा जुळला नाही तर गोंधळू नका. Dashboard आणि Realtime चा आकडा ताजा असतो. Analytics मधले तारखेनुसार दिसणारे तक्ते साधारण दोन दिवस मागे असतात. सोमवारी व्हिडिओ गाजला आणि मंगळवारी तक्त्यात काही दिसले नाही, तर बुधवार-गुरुवारपर्यंत थांबा.

दुसरा गोंधळ Recent subscribers च्या यादीवरून होतो. Dashboard वर हा चौकोन असतो आणि See all दाबले की नावांची यादी उघडते. काही लोक ती नावे मोजतात आणि आकडा कमी भरला म्हणून बाकीचे सबस्क्रायबर खोटे आहेत असा निष्कर्ष काढतात. त्या यादीत फक्त तेच लोक दिसतात ज्यांनी आपण कोणकोणत्या चॅनेलचे सबस्क्रायबर आहोत हे सर्वांना दिसेल असे ठेवले आहे. अनेकांनी ते खासगी ठेवलेले असते. ते लोक एकूण आकड्यात मोजले जातात, यादीत येत नाहीत. त्यामुळे यादी लहान असणे ठीकच आहे.

तिसरे कारण म्हणजे साफसफाई. यूट्यूब बंद झालेली खाती आणि बनावट सबस्क्रायबर वेळोवेळी मोजणीतून काढते. मालकाने स्वतः बंद केलेले खाते असो की यूट्यूबने बंद केलेले, दोन्हींचा परिणाम सारखाच. अशा दिवशी कोणी नाराज होऊन गेले नसतानाही अचूक आकडा एकदम खाली येतो. हे ओळखायचे कसे? Analytics मध्ये त्या दिवशीच्या व्हिडिओंचे प्रेक्षक आणि पाहण्याचा वेळ नेहमीसारखाच असेल, नवे सबस्क्रायबर नेहमीसारखे येत असतील आणि तरी एकूण आकडा एका झटक्यात घसरला असेल, तर बहुधा साफसफाई झाली आहे. खरे प्रेक्षक पाठ फिरवतात तेव्हा घसरण शक्यतो एखाद्या व्हिडिओच्या आगेमागे सुरू होते आणि काही दिवस चालते.

ज्याला अचूक समजले जाते, पण जे अचूक नसते

इंटरनेटवर थेट सबस्क्रायबर मोजणारी पाने आहेत. त्यात शेवटचे अंक सतत फिरताना दिसतात. हजारावरच्या चॅनेलबाबत त्या फिरणाऱ्या अंकांवर विश्वास ठेवू नका. ही पाने यूट्यूबकडून माहिती मागवतात ती डेटा एपीआय या अधिकृत वाटेने, आणि २०१९ पासून त्या वाटेनेही कापलेलाच आकडा मिळतो. तुम्हाला प्रोग्रॅमिंग येत असेल तर स्वतः करून पाहा:

```
GET https://www.googleapis.com/youtube/v3/channels
    ?part=statistics&id=CHANNEL_ID&key=API_KEY
```

माझ्या मैत्रिणीच्या त्या रात्रीच्या १,३३,०१७ साठी उत्तराचा आपल्या कामाचा भाग असा आला असता:

```
"subscriberCount": "133000",
"hiddenSubscriberCount": false
```

इथे K नाही, पूर्ण सहा अंक आहेत, म्हणून नवख्याला वाटते की हा अचूक आकडा मिळाला. शेवटची तीन शून्ये पाहा. ती कापलेल्या अंकांच्या जागी भरलेली आहेत. चॅनेलच्या मालकाने स्वतःच्या खात्याने आत जाऊन हीच विनंती केली तरी उत्तर बदलत नाही. मग त्या थेट पानांवर हलणारे शेवटचे अंक येतात कुठून? मागच्या वेगावरून केलेला तो अंदाज असतो. एखाद्याने वेगाचा हिशेब नीट केला असेल तर तो जवळपास जाईलही, पण आत्ता या क्षणी कोणी सबस्क्राइब केले म्हणून तो अंक हललेला नसतो. त्यावर पैज लावू नये आणि कुणाला हिणवूही नये.

वहीऐवजी गूगल शीट वापरणाऱ्यांसाठी एक सोपे सूत्र देतो. A1 या घरात स्टुडिओतला अचूक आकडा टाका आणि शेजारच्या घरात हे लिहा:

```
=ROUNDDOWN(A1, 2-INT(LOG10(A1)))
```

उत्तरात लोकांना दिसणारा आकडा मिळेल. ४२२७ टाकले तर ४२२०, १३३०१७ टाकले तर १३३०००. रोजचा अचूक आकडा एका रांगेत आणि हा दुसऱ्या रांगेत ठेवला की आपण पायरीच्या काठापासून किती दूर आहोत ते रोज दिसते. मैत्रिणीने त्या दिवसापासून हे सुरू केले. चॅनेल काठावर आले की तिला आधीच माहीत असते की उद्या सकाळी आकडा कदाचित एक पायरी खाली दिसेल.

दुसऱ्याच्या चॅनेलचा आकडा किती विश्वासाने वाचायचा

दुसऱ्याच्या चॅनेलचा अचूक आकडा तुम्हाला मिळणार नाही. पण पानावरच्या आकड्यातून जितके कळू शकते तितके नीट काढता येते.

एका वेळचा आकडा पाहून पल्ला ठरतो. 133K म्हणजे १,३३,००० ते १,३३,९९९. तीन अंक मिळत असल्यामुळे चूक एक टक्क्याहून मोठी कधीच नसते. 100K, 1M अशा आकड्यांवर ती सर्वांत मोठी, टक्क्याच्या जवळ, आणि 999K च्या आसपास सर्वांत लहान, साधारण टक्क्याचा दहावा भाग. दोन चॅनेलच्या आकाराची तुलना करायला एवढे पुरेसे आहे.

वाढ मोजताना मात्र काळजी घ्यावी लागते, कारण वजाबाकीत दोन्ही बाजूंच्या चुका येतात. समजा एका चॅनेलवर महिन्याच्या सुरुवातीला 1.21M होते आणि शेवटी 1.24M. सरळ वजाबाकी तीस हजार. पण सुरुवातीचा खरा आकडा १२,१०,००० ते १२,१९,९९९ मध्ये कुठेही असू शकतो आणि शेवटचा १२,४०,००० ते १२,४९,९९९ मध्ये. त्यामुळे खरी वाढ वीस हजारांच्या किंचित वर ते चाळीस हजारांच्या किंचित खाली, यांमध्ये कुठेही असू शकते. खालचे टोक आणि वरचे टोक यांत दुपटीचा फरक आहे. अशा वजाबाकीवर एखाद्या चॅनेलची वाढ आपल्या दुप्पट आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, त्या चॅनेलवरही आणि आपल्यावरही.

यापेक्षा चांगला मार्ग आहे. आकड्याची नोंद ठेवू नका, आकडा बदलल्याच्या दिवसाची ठेवा. पानावर 1.22M चे 1.23M होते त्या क्षणी खरा आकडा अगदी १२,३०,००० च्या आसपास असतो. अचूक आकडा तुम्हाला कधी कळतोच, तर तो या एका क्षणी. समजा हा बदल ४ तारखेला दिसला आणि 1.24M चा बदल २४ तारखेला. वीस दिवसांत दहा हजार, म्हणजे रोज पाचशे. आता चूक फक्त एवढीच राहते की बदल नेमका कोणत्या तासाला झाला हे माहीत नाही, आणि वीस दिवसांत एखाद्या दिवसाची चूक फार नाही. हे करताना रोज साधारण एकाच वेळी पाहा आणि पान ताजे करून घ्या, कारण उघडे राहिलेले पान जुनाच आकडा दाखवत राहते. काठावर आकडा काही वेळा पुढेमागे होतो, 1.23M होऊन परत 1.22M दिसतो. तसे झाले तर पुढे तो स्थिर झाला तो दिवस धरा.

कोणाला अचूक आकडा दाखवायची वेळ आली तर

जाहिरातदार किंवा सोबत काम करणारी संस्था कधीकधी अचूक आकडा मागते. नवे लोक स्टुडिओचे छायाचित्र काढून पाठवतात. छायाचित्रातला आकडा कोणीही दोन मिनिटांत बदलू शकतो हे समोरच्यालाही माहीत असते, म्हणून तो पुरावा कच्चा ठरतो. त्यापेक्षा व्हिडिओ कॉलवर आपला पडदा दाखवा, समोरच्यासमोर पान ताजे करा आणि See live count उघडा. पाच मिनिटांचे काम आहे आणि कुणाला खात्यात घ्यावे लागत नाही.

काम काही महिने चालणार असेल तर परवानगी देता येते. स्टुडिओत Settings मध्ये Permissions उघडा, Invite दाबा, त्या व्यक्तीचा ईमेल पत्ता टाका आणि भूमिका म्हणून Viewer (limited) निवडा. या भूमिकेत ती व्यक्ती आकडे पाहू शकते, काही बदलू शकत नाही, आणि तुमची कमाईही तिला दिसत नाही. नुसते Viewer निवडले तर कमाई दिसते, तेव्हा शब्द नीट वाचून निवडा. स्टुडिओतला बाकीचा तपशीलही तिला दिसतो, म्हणून ज्याच्याशी करार झाला आहे त्यालाच ही परवानगी द्या आणि काम संपल्यावर त्याच पानावरून ते नाव काढून टाका. स्वतःचा पासवर्ड मात्र कोणालाही, कोणत्याही कारणाने देऊ नका. अचूक आकडा दाखवण्यासाठी त्याची गरजच पडत नाही.